दोन पाइपांमधले तीन मिलिमीटर

पडद्यावर दिसणारा हा आठ इंची पोलादी पाइप बाहेरून 219.1 मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याच्या टोकापासून सुमारे 19 मिलिमीटरवर, रोलरने दाबून काढलेली एक गोल खाच आहे, जिची खोली जेमतेम 2.3 मिलिमीटर भरते. दहा बार दाबाचे पाणी दोन पाइपांना एकमेकांपासून दूर ढकलते तेव्हा सांध्यावर सुमारे पावणेचार टनांचा भार येतो, आणि दोन्ही टोकांना बाहेरून कवटाळून जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन अर्धगोल भागांच्या आतल्या कडा या उथळ खाचेत अडकून तो सगळा पेलतात.

पाणी अडवण्याचे काम मात्र या लोखंडाचे नाही. ते रबरी गॅस्केट करते, ज्याचे दोन ओठ खाच आणि टोक यांमधल्या गुळगुळीत पट्ट्यावर बसतात. गॅस्केट आतून पोकळ असल्याने पाणी त्या पोकळीत शिरते आणि ओठांना पाइपावर आणखी घट्ट दाबते. पकड आणि बंदिस्ती अशी वेगवेगळ्या भागांकडे असल्यामुळेच सांधा थोडा हलला तरी गळत नाही.

लवचिक कपलिंगची कड खाचेपेक्षा अरुंद असते. या मापाच्या पाइपांची टोके त्यामुळे सुमारे 3.2 मिलिमीटरपर्यंत दूर जाऊ शकतात. आखणी करताना त्यातला चौथा हिस्सा सोडून 2.4 मिलिमीटरच धरतात. पन्नास मीटर लांबीची वाहिनी चाळीस अंश सेल्सिअसने तापली की सुमारे 24 मिलिमीटर वाढते, म्हणजे असे दहा सांधे लागतात. सहा मीटरचे पाइप जोडले तर मध्ये आठच सांधे येतात, तेव्हा दोन सांधे मुद्दाम वाढवावे लागतात. शिवाय पाइपांची टोके जोडतानाच भिडवली असतील, तर वाढायला जागाच उरत नाही; ही चूक कागदावर दिसत नाही. पक्की न जखडलेल्या वाहिनीत पाण्याचा दाबच टोकांना मोकळ्या फटीच्या मर्यादेपर्यंत खेचतो, हेही हिशेबात धरावे लागते. आणि सांधा आधीच पूर्ण कोनात वळलेला असेल, तर त्याच्याकडे लांबीची मुभा राहत नाही.

गळती दिसताच बोल्ट आणखी आवळण्याकडे हात वळतो. या नमुन्यात मात्र दोन्ही भागांचे बोल्ट बसणारे कान आधीच धातूला धातू टेकून बसले आहेत, म्हणजे आवळण्यासारखे काहीच उरलेले नाही. वाहिनीतला दाब पूर्ण उतरवून कपलिंग उघडल्यावर कारण दिसते: वंगण न लावता बसवलेल्या गॅस्केटची कड कानांच्या फटीत चिमटली गेली आहे आणि तिथे रबर कागदाइतके पातळ झाले आहे.