टीएसएच ०.०१ : एकाच रिपोर्टचे तीन अर्थ

[दृश्य: टेबलावर उलगडलेला लॅबचा रिपोर्ट. कॅमेरा एका ओळीवर थांबतो.]

टीएसएच, ०.०१ पेक्षा कमी. शेजारी खाली रोखलेला बाण. असा रिपोर्ट घरी आला की कुणीतरी हमखास म्हणतं, "थायरॉईड कमी झालाय, गोळी सुरू करायला हवी." इथे गोष्ट नेमकी उलटी असते. ही गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, या माणसाला दिली तर आधीच पळणारं हृदय आणखी पळेल.

टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होतच नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते सोडते, आणि थायरॉईडला ते एवढंच सांगतं की हार्मोन बनव. रक्तात टी३ आणि टी४ हे थायरॉईडचे दोन हार्मोन पुरेसे असले की पिट्युटरी आवाज कमी करते, जास्त झाले की गप्प बसते. आणि ती फार हळवी आहे. टी४ दुप्पट झाला तर टीएसएच निम्म्यावर येऊन थांबत नाही, साधारण शंभर पटींनी खाली येतं. म्हणून ०.०१ हा आकडा 'थोडं कमी' नसतो. पिट्युटरीने तोंड पूर्ण मिटल्याची ती खूण असते.

[दृश्य: एका स्त्रीचे समोर ताठ धरलेले दोन्ही हात. बोटांवर एक कोरा कागद. कागदाच्या कडा थरथरतात.]

आता रिपोर्टमागचं माणूस बघू. हे उदाहरण आम्ही रचलेलं आहे, पण आकडे ओपीडीत दिसतात तसेच आहेत. चौतीस वर्षांची शिक्षिका. अडीच महिन्यांत वजन ६१ किलोवरून ५४ वर. भूक मात्र वाढलेली, दोनाच्या चार पोळ्या झाल्यात. एक जिना चढला की छातीत धडधड. रात्री स्वस्थ पडल्यावरही नाडी मिनिटाला ११२. हाच धागा महत्त्वाचा. भीतीने किंवा काळजीने वाढलेली नाडी झोपेत सहसा खाली येते. थायरॉईडची झोपेतही पळत राहते. तळवे गरम आणि ओलसर. हात पुढे करून त्यावर कागद ठेवला, तर डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर कागद दाखवतो.

तिचे आकडे असे: फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी४, ३.९, नॉर्मल साधारण ०.८ ते १.८. एकूण टी३ ३९६ नॅनोग्रॅम, एकूण टी४ १८ मायक्रोग्रॅम, दोन्ही दर डेसिलिटरला. टीएसएच दबलेलं, हार्मोन चढलेले. म्हणजे हार्मोन जास्त आहे हे नक्की. पण का जास्त आहे, हे ही ओळ सांगत नाही, आणि उपचार त्या 'का'वर ठरतो.

थायरॉईड हे कारखाना आणि गोदाम दोन्ही आहे. आठवडेच्या आठवडे पुरेल इतका हार्मोन तिच्यात साठवलेला असतो. कारखाना बेफाम चालू लागला तरी रक्तात हार्मोन वाढतो, आणि सूज येऊन गोदामाची भिंत फुटली तरी वाढतो. पहिल्याचं सर्वात नेहमीचं कारण ग्रेव्हज् आजार. १८३५ साली डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज् यांनी त्याचं वर्णन केलं. दुसरा प्रकार थायरॉयडायटिस. तो बाळंतपणानंतरच्या महिन्यांत येतो, व्हायरल तापानंतर गळा दुखत येतो, कधी काहीच न दुखता येतो.

[दृश्य: कागदावर पेनाने भागाकार. ३९६ ÷ १८.]

रिपोर्टमध्येच एक इशारा दडलेला असतो. बेफाम चालणारा कारखाना टी३ जरा जास्तच बनवतो, तर फुटलेल्या गोदामातून बाहेर पडतो तो मुख्यतः टी४. म्हणून एकूण टी३ला एकूण टी४ने भागायचं. ३९६ भागिले १८, उत्तर २२. वीसच्या वर असेल तर ग्रेव्हज्कडे झुकतं, खाली असेल तर थायरॉयडायटिसकडे. झुकतं, एवढंच म्हणायचं. १९ आणि २१ यांत भिंत नाही. आणि एककं बघूनच भागा. काही लॅब टी३ दर मिलिलिटरला देतात, तिथे हाच आकडा ३.९६ असा छापलेला असतो. तसाच भागला तर उत्तर ०.२२ येतं, आणि माणूस चक्रावतो. आधी शंभराने गुणायचं.

डोळे पुढे आलेले, वरची पापणी ओढली गेलेली असेल तर बहुधा ग्रेव्हज्च. नसेल तर टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडीची, म्हणजे ग्रेव्हज्मध्ये ग्रंथीला बेफाम चालवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करतात. तिनेही उलगडलं नाही, किंवा गाठ हाताला लागली, तर टेक्नेशियम स्कॅन. ग्रेव्हज्मध्ये पूर्ण ग्रंथी उजळते, थायरॉयडायटिसमध्ये ती जवळपास दिसतच नाही, आणि एकच गाठ हार्मोन बनवत असेल तर तेवढाच ठिपका पेटतो. गर्भवतीला हा स्कॅन करत नाहीत.

हा फरक चुकला तर? ग्रेव्हज्ची गोळी, कार्बिमॅझोल, नवा हार्मोन बनणं थांबवते. गोदाम फुटलेलं असताना कारखाना बंद करून काही हाती लागत नाही. गळती काही आठवड्यांनी आपोआप संपते, त्यानंतर बऱ्याचदा हार्मोन कमी पडण्याचा काळ येतो, आणि तेव्हा ही गोळी चालू असेल तर तो खड्डा आणखी खोल होतो.

[दृश्य: औषधांच्या डब्यातून केसांसाठीच्या गोळ्यांची बाटली बाहेर येते. लेबलवर "बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम".]

तिसरा अर्थ सर्वात फसवा, कारण त्यात आजारच नसतो. रोज शरीराला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केस-नखांच्या गोळीत ते १०,००० असू शकतं. काही लॅबची यंत्रं चाचणीसाठी बायोटिनचाच सापळा वापरतात. रक्तात बायोटिन भरपूर असलं की तो सापळा बिघडतो आणि टीएसएच खोटं कमी, टी४ खोटा जास्त दिसतो. काही यंत्रांवर अँटीबॉडीही खोटी वाढलेली येते. हुबेहूब ग्रेव्हज्, फक्त माणूस ठणठणीत. नाडी ७२, वजन जागच्या जागी, आणि रिपोर्ट मात्र पेटलेला, असं दिसलं की आधी गोळ्यांचा डबा मागायचा. किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवून रक्त पुन्हा द्यायचं. मात्रा फार मोठी असेल तर आणखी थांबावं लागतं.

आपल्या शिक्षिकेची नाडी, वजन, भागाकार आणि अँटीबॉडी, सगळं ग्रेव्हज्कडेच बोट दाखवतं. कार्बिमॅझोल सुरू होतं. धडधडीसाठी सोबत प्रोप्रॅनोलॉल, दमा असेल तर ते टाळून. कार्बिमॅझोलचा परिणाम जाणवायला तीन-चार आठवडे जातात, कारण गोदामातला जुना माल आधी संपावा लागतो. प्रोप्रॅनोलॉल मात्र त्याच दिवशी हृदय शांत करू लागतं.

[दृश्य: सहा आठवड्यांनंतरचा रिपोर्ट. जुन्या रिपोर्टशेजारी ठेवलेला.]

फ्री टी४ १.२. वजन दोन किलो वर. आणि टीएसएच? अजूनही ०.०१ पेक्षा कमी. इथे डोस वाढवायचा मोह होतो, आणि तीच चूक. महिनोन् महिने गप्प बसलेली पिट्युटरी लगेच बोलत नाही. टी४ नॉर्मल झाल्यावरही टीएसएच आठवडे, कधी महिने दबलेलंच राहतं. या काळात डोस टी४ आणि टी३ बघून ठरवतात, आणि टी४ असा उतरला असेल तर डोस कमीच करतात.

गोळी देताना डॉक्टरांनी तिच्या फाइलवर लाल पेनाने एक ओळ लिहिलेली आहे: ताप आणि घसा दुखला तर गोळी त्याच क्षणी बंद, त्याच दिवशी सीबीसी. क्वचितच, पण हे औषध पांढऱ्या पेशी एकदम खाली आणतं, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. तेव्हा साधा घसा म्हणून हळद-दूध पिऊन वाट बघत बसायचं नसतं.