झोप येते म्हणून बॅक्लोफेन बंद केली तर

मणक्याला मार बसून पायांतली ताकद गेलेल्या रुग्णांचे बरेच नातेवाईक आज इथे बसले आहेत. तुम्ही ओपीडीत हमखास विचारता, "डॉक्टर, या गोळीने पेशंट दिवसभर पेंगतो. बंद करू का?" आज मी एवढ्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे.

पेंग का येते ते आधी पाहू. बॅक्लोफेन आणि टिझानिडिन या दोन्ही गोळ्या आखडलेले स्नायू सैल करतात, पण त्यांचं काम चालतं ते मज्जारज्जूत आणि मेंदूत. तिथून स्नायूला 'आवळ' म्हणून जाणारे संदेश त्या दाबून धरतात. पायांचे संदेश दाबताना मेंदूतला जागेपणाही थोडा दाबला जातो, आणि माणूस पेंगायला लागतो. टिझानिडिन ही क्लोनिडिन या बीपीच्या औषधाच्या कुळातली आहे. त्यामुळे तिने तोंड कोरडं पडतं, बीपी उतरतं आणि एकदम उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

ही झोप बहुतेकदा सुरुवातीच्या दिवसांत किंवा डोस वाढवल्यावर जास्त असते. म्हणूनच बॅक्लोफेन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी सुरू करतात आणि काही दिवसांच्या अंतराने थोडी थोडी वाढवत नेतात. पण गोळी अंगवळणी पडलेला माणूस अचानक पेंगू लागला, तर कारण शोधायलाच हवं. बॅक्लोफेन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनीचं काम मंदावलं की ती अंगात साठते. टिझानिडिनचं वैर सिप्रोफ्लॉक्सासिनशी आहे. हे अँटिबायोटिक लघवीच्या इन्फेक्शनला सर्रास दिलं जातं, आणि आपल्या रुग्णांना कॅथेटरमुळे असं इन्फेक्शन वारंवार होतं. दोन्ही एकत्र पोटात गेली तर रक्तातली टिझानिडिन कित्येक पटींनी वाढते आणि बीपी धोकादायक इतकं खाली येऊ शकतं. या दोन गोळ्या एकत्र द्यायच्याच नाहीत.

आता बंद करण्याचं. एक रुग्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला तिशीतला तरुण. दीड-दोन वर्षं बॅक्लोफेन २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा चालू होती. घरात लग्न होतं, त्यात तो जागा राहावा म्हणून शुक्रवारी रात्रीपासून घरच्यांनी गोळी थांबवली. शनिवारी तो चांगला टवटवीत होता, सगळे खूश. रात्री अंगाला खाज सुटली आणि पाय झटके देऊ लागले. रविवारी पाय असे ताठले की गुडघे दुमडेनात, व्हीलचेअरवर बसवता येईना. संध्याकाळी १०२ ताप, छातीत धडधड, आणि खोलीत नसलेली माणसं त्याला दिसू लागली. ताप म्हणजे लघवीचंच इन्फेक्शन असणार, असं समजून अँटिबायोटिक सुरू झालं. सोमवारी पहाटे फिट आली.

हॉस्पिटलात लघवी काळपट होती. स्नायू सतत आवळून राहिल्याने त्यांच्या पेशी फुटत होत्या आणि त्यांतला द्रव्यांश किडनीवर येत होता. तिथल्या सिस्टरनी विचारलं, "रोजची कुठली गोळी चुकलीय का?" तेव्हा कुठे गाठ सुटली. नाकातल्या नळीतून बॅक्लोफेन पूर्वीच्याच डोसने सुरू केली, सोबत लोराझेपाम आणि सलाइन. काही दिवसांनी तो सावरला. सगळेच सावरतात असं नाही. यात मृत्यूही होऊ शकतो.

असं का होतं? महिनोन्‌महिने गोळी संदेश दाबत असते, तेव्हा शरीराची स्वतःची दाबण्याची व्यवस्था सुस्तावते. बॅक्लोफेनचा रक्तातला अंश तीन-चार तासांत निम्मा होतो, म्हणजे दिवसाभरात ती जवळजवळ संपते. शरीराला जुनी सवय परत यायला मात्र त्याहून खूप जास्त वेळ लागतो. मधल्या काळात पाय आणि मेंदू दोन्ही मोकाट सुटतात. बहुतेकदा पहिल्या एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो, आणि पहिला दिवस बरा गेल्यामुळेच घरचे फसतात.

झोप सोसवत नसेल तर डोस उतरवता येतो, पण पायरी-पायरीने. दिवसाच्या एकूण डोसातून आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅम कमी करायचे. ताठरपणा वाढला तर आधीच्या पायरीवर परत जाऊन थांबायचं. त्या तरुणाचं पुढे असंच केलं. दुपारचा डोस आधी उतरवला आणि त्याची दिवसाची झोप बरीच कमी झाली. हा हिशोब तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. कंबर धरली म्हणून चार-पाच दिवस टिझानिडिन घेतलेल्याला ही भीती नाही. पण मोठ्या डोसात बराच काळ घेणाऱ्याने तीही हळूहळूच सोडायची, नाहीतर बीपी उसळतं.

मुद्दाम बंद केली नाही तरी गोळी चुकते: ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात तेव्हा, उलट्या होतात तेव्हा, गावी गेल्यावर स्ट्रिप संपते तेव्हा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना बॅक्लोफेनचा डोस सांगा. पाण्याच्या घोटाबरोबर गोळी देता येईल का, ते त्यांना ठरवू द्या. एक जास्तीची स्ट्रिप प्रवासाच्या बॅगेतच राहू द्या. आणि गोळी चुकल्यावर ताप, ताठरपणा आणि भ्रम एकत्र दिसले, तर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे बोला: "बॅक्लोफेन रोज इतके मिलिग्रॅम चालू होती, शेवटची गोळी अमुक दिवशी घेतली."