वीस मिलिमीटर खोटा पाऊस

[दृश्य: शाळेची जांभ्याची गच्ची. कोपऱ्यात पांढरा पर्जन्यमापक. मागे माड, त्यापलीकडे खाडी.]

हा आवाज नीट ऐका.

[टक.]

एवढाच. लहान मुलाने चमचा ताटलीवर टेकवावा, तसा. कोकणात पावसाळ्यात गच्चीवर हा आवाज ऐकू येत नाही, पागोळ्यांत तो बुडून जातो. म्हणून आम्ही तो एप्रिलमध्ये ऐकायला बसलो. गुहागर तालुक्यातल्या एका गावची ही माध्यमिक शाळा. गच्चीवर छोटं हवामान केंद्र आहे, आणि आजूबाजूच्या आंबा बागायतदारांच्या मोबाइलवर त्याचे आकडे जातात.

[दृश्य: वरचं नरसाळं उचलून बाजूला ठेवलं जातं. आतला झुलता भाग जवळून.]

नरसाळं उचललं की आतली रचना दिसते. मधल्या आसावर झुलणाऱ्या दोन वाट्या, जत्रेतल्या सीसॉसारख्या. एक वर असते, नरसाळ्यातलं पाणी तिच्यात पडतं. ती भरली की कलंडते, पाणी खाली सांडतं आणि दुसरी वाटी तिच्या जागी येते. प्रत्येक वेळी एक छोटं चुंबक एका स्विचसमोरून जातं आणि नोंद ठेवणाऱ्या पेटीच्या, म्हणजे लॉगरच्या, खात्यात एक टप्पा जमा होतो. आमच्या मापकावर लिहिलंय: एक टप्पा म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस.

ते खरं आहे का, हे तपासायचं तर पाऊस कशाला हवा? मोजून घेतलेलं पाणी ओता आणि टप्पे मोजा.

हिशोब नरसाळ्यापासून सुरू होतो. तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर. छापील आकड्यावर विसंबू नका, पट्टीने तीन दिशांनी मोजा. प्लॅस्टिकचं तोंड उन्हाने थोडं लंबगोल होतं, आणि व्यासात दोन मिलिमीटरची चूक म्हणजे क्षेत्रफळात दोन टक्क्यांची चूक. आमचं तोंड गोल निघालं. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.२ मिलिमीटर पाणी म्हणजे ६.२८ मिलिलिटर. तेवढ्याला एक टप्पा. शंभर टप्प्यांना ६२८ मिलिलिटर, म्हणजेच २० मिलिमीटर पाऊस.

शंभरच का? कारण शेवटची वाटी अर्धवट भरलेली राहू शकते. दहाच टप्पे मोजले तर त्या एका वाटीने दहा टक्के फरक पडतो. शंभरात तो एका टक्क्यावर येतो.

[दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल. किराणा दुकानात असतो तसा डिजिटल काटा. एक लिटरची बाटली.]

पाणी मापाने घेऊ नका, काट्यावर घ्या. प्लॅस्टिकच्या मगवरच्या रेघा भरवशाच्या नसतात. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, आणि इथल्या उष्म्यानेही त्यात अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. साधा एका ग्रॅमचा काटा पुरतो.

पाणी ओतायचं कसं? इथेच बहुतेकांचं चुकतं. तांब्याने भडाभडा ओतलं तर वाटी कलंडत असतानाही पाणी तिच्यात पडत राहतं आणि ते मोजलंच जात नाही. पाणी थेंबाथेंबाने, पण न थांबता पडायला हवं. आम्ही औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा सेट आणला. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात तो बसवला, बाटलीच्या बुडाला हवेसाठी बारीक छिद्र पाडलं आणि ती लाकडी स्टँडला उलटी टांगली. सेटवरच्या चाकाने धार कमीजास्त होते. बाटलीतलं पाणी खाली जाईल तशी धार मंदावते, म्हणून मध्ये एकदा चाक थोडं सैल करावं लागतं.

एक गोष्ट आम्हाला पहिल्याच दिवशी कळली. नळीत आणि बाटलीच्या तळात दहा-बारा मिलिलिटर पाणी अडकून राहतं. म्हणजे ६२८ भरलं तर नरसाळ्यात पडणार ६१६. म्हणून अख्खी बाटली नळीसकट आधी तोलायची आणि संपल्यावर पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक हाच आपला पाऊस.

[दृश्य: सकाळी साडेसात. दहावीतली एक मुलगी मापकाजवळ वही घेऊन बसलेली. दुसरी लॉगरच्या पेटीपाशी.]

सुरुवात करण्यापूर्वी नरसाळं ओलं करून घेतलं. कोरडं नरसाळं पहिले काही थेंब स्वतःच्या अंगालाच ठेवून घेतं. मग वाटी एकदा कलंडेपर्यंत पाणी सोडलं, आणि त्या टप्प्यानंतर शून्यापासून मोजायला लागलो. धार अशी ठेवली की साधारण छत्तीस सेकंदांना एक टप्पा पडावा. म्हणजे तासाला वीस मिलिमीटर, कोकणातला बऱ्यापैकी पण शांत पाऊस. अख्खा तास लागतो. घाई करायची नाही.

एका मुलीने कानाने टप्पे मोजले. दुसरीने शेवटी लॉगरवरचा आकडा वाचला. ही दोन माणसं वेगळी हवीत, आणि एकीने दुसरीला आकडा सांगायचा नाही.

तासाभराने वही उघडली. गेलेलं पाणी ६२८ ग्रॅम. टप्पे हवेत शंभर. कानाने मोजलेले चौऱ्याण्णव. लॉगरचे एक्क्याण्णव.

हे तीन आकडे शेजारीशेजारी लिहिले आणि दोष कुठे आहे ते दिसू लागलं. पाणी शंभराचं, आवाज चौऱ्याण्णव, म्हणजे वाट्या जास्त पाणी घेऊन कलंडत होत्या. ती यंत्राची बाजू. आवाज चौऱ्याण्णव, नोंद एक्क्याण्णव, म्हणजे तीन टप्पे पडले पण लॉगरपर्यंत पोचलेच नाहीत. ती तारेची बाजू. फक्त लॉगर पाहिला असता तर आम्ही सगळं खापर वाट्यांवर फोडून स्क्रू फिरवत बसलो असतो.

[दृश्य: भिंतीवरची जोडपेटी उघडली जाते. तांब्याच्या तारेवर हिरवट कीट.]

तारेचं काम सोपं निघालं. खाऱ्या वाऱ्याने जोडावर हिरवा कीट चढला होता. टोक कापून नवीन जोड सोल्डर केला, वर रबरी आवरण आणि ग्रीस. शाळेतल्या मामांनी दहा मिनिटांत केलं.

वाट्यांकडे मात्र थांबून पाहावं लागलं. वहीत त्या मुलीने एक गोष्ट स्वतःहून टिपली होती, आम्ही सांगितलं नव्हतं. टप्प्यांमधलं अंतर: तेहेतीस सेकंद, चव्वेचाळीस, तेहेतीस, चव्वेचाळीस. एक वाटी लवकर कलंडतेय आणि दुसरी उशिरा. लंगडणाऱ्या माणसाच्या चालीसारखं. ही खूण जवळजवळ नेहमी एकाच गोष्टीची असते: मापक सपाट बसलेला नाही. आतल्या पाणसळीचा बुडबुडा पाहिला तर तो कडेला गेला होता. खालचा जांभ्याचा चिरा एका बाजूने झिजला होता. पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून बुडबुडा मध्यावर आणला.

मग आस पाहिला. त्याच्या दोन्ही टोकांना शेवाळ आणि लाल माती यांची पुटं. आस जड फिरला की वाटीला कलंडायला जास्त पाणी लागतं, म्हणून टप्पे कमी पडतात. जुन्या टूथब्रशने आणि नुसत्या पाण्याने साफ केलं. इथे तेल घालू नका, तेलावर धूळ बसते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तास. अंतरं सारखी झाली. कान शहाण्णव, लॉगर शहाण्णव.

उरलेल्या चारांसाठी स्क्रूला हात लावला. प्रत्येक वाटीखाली एक स्क्रू असतो, कलंडलेली वाटी त्यावर टेकते. स्क्रू वर केला की झोका लहान होतो आणि समोरची वाटी कमी पाण्यात कलंडते, म्हणजे टप्पे वाढतात. खाली केला की उलट. दोन्ही स्क्रू सारखेच फिरवायचे, नाहीतर पुन्हा लंगडी चाल. आम्ही पाव-पाव फेरा वर घेतला. तिसऱ्या दिवशी नव्व्याण्णव आणि नव्व्याण्णव. तिथे थांबलो. एका टप्प्याची शंका या पद्धतीतच आहे, तिच्यामागे स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नाही.

[दृश्य: तीच बाटली, चाक पूर्ण सैल. धार.]

चौथी फेरी वेगळ्या कारणासाठी होती. तेवढंच पाणी आता बारा मिनिटांत सोडलं, म्हणजे तासाला शंभर मिलिमीटरचा वेग. जुलैमध्ये इथे पाच-दहा मिनिटांच्या सरीत असा वेग येतो. कानाने पंच्याण्णव, लॉगरवरही पंच्याण्णव.

हा बिघाड नाही. दर सात-आठ सेकंदांना वाटी कलंडते, आणि कलंडताना जो क्षण जातो त्यात पडलेलं पाणी फुकट जातं. हळू पावसात ते नगण्य असतं, मुसळधार सरीत चार टक्के. स्क्रू फिरवून हे चार टक्के भरून काढायचा मोह होतो. तो टाळा. तसं केलंत तर रोजचा साधा पाऊस जास्त दिसू लागेल. आम्ही ते आकडे नोंदवहीत वेगळे लिहिले आहेत, आणि जोराच्या सरीचा हिशोब करताना ते वापरतो.

गेल्या मोसमातल्या नोंदी आम्ही बदलल्या नाहीत. तेव्हा मापक किती कमी दाखवत होता हे त्या एका एप्रिलच्या दिवसावरून ठरवता येत नाही, कारण सडका जोड कधी टप्पा गाळेल, कधी नाही. नोंदीशेजारी एक ओळ लिहून ठेवली: तपासणीत शंभरास एक्क्याण्णव.

आणखी एक. ही तपासणी वाट्यांची आहे. वाऱ्याने पाऊस नरसाळ्याबाहेर गेला, किंवा माडाची झावळ वर आडवी आली, तर बाटलीतलं पाणी ते सांगणार नाही.

[दृश्य: मोबाइलची स्क्रीन. निरभ्र आकाश.]

पहिल्या दिवशी आमच्याकडून एक चूक झाली, ती सांगायला हवी. लॉगर चालूच होता. सकाळी साडेनऊला एका बागायतदारांचा फोन. आवाजात धसका.

"काय हो सर, तिकडे पाऊस पडला काय? मोबाइलवर अठरा मिलिमीटर दाखवतोय. माझी कैरी भरात आहे हो!"

आकाशात ढग नव्हता. एप्रिलच्या अवेळी पावसाची त्यांना किती भीती असते हे ठाऊक असूनही आम्हाला सुचलं नव्हतं. त्यांची माफी मागितली, तो पाऊस नोंदीतून काढला, आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांत आकडे बाहेर पाठवणं आधी बंद केलं, मगच चाक सैल केलं.

[दृश्य: जून. गच्ची ओली. मापकाशेजारी साधा हाताने मोजायचा पर्जन्यमापक.]

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाची सकाळ, साडेआठ. शेजारच्या साध्या मापकातलं पाणी मुलीने काचेच्या मोजपात्रात ओतलं आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचलं: ३८.४ मिलिमीटर. लॉगरवर १८९ टप्पे, म्हणजे ३७.८.

तिने दोन्ही आकडे लिहिले, वही छत्रीखाली धरली आणि तासाला पळाली.

[टक.]