रेलिंगची उंची नेमकी कुठून मोजायची?

नमस्कार मंडळी. घरात लहान मूल असेल तर आजचा व्हिडिओ बघताना मोजायचा टेप हाताशी ठेवा आणि जमलं तर बाल्कनीतच उभे राहा. एकेक गोष्ट मी इथे मोजून दाखवतो, तुम्ही तिथे मोजा.

सुरुवात उंचीपासून. बाल्कनीचं रेलिंग जमिनीपासून ११० सेंटिमीटर हवं. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत घराच्या बाल्कनीला हाच आकडा आहे. काही देशांत एक मीटरही चालतं, पण मूल घरात असेल तर मी ११० च्या खाली येणार नाही. साधारण चार वर्षांच्या मुलाची उंची शंभर सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे ते जमिनीवर सरळ उभं असेल तर रेलिंगची वरची कड त्याच्या डोक्यापेक्षा वर राहते.

आता ‘जमिनीवर सरळ उभं असेल तर’ हे जे मी म्हटलं, सगळी गोम तिथेच आहे.

[मागची बाल्कनी दाखवत]

ही बाल्कनी बघा, अशी रचना खूप ठिकाणी असते. खाली ४५ सेंटिमीटरचा पक्का कठडा, त्यावर बाहेरच्या बाजूला बसवलेलं रेलिंग, आणि त्यात आडवे पाइप. टेप लावू या. फरशीपासून वरच्या पाइपपर्यंत बरोबर ११०. कागदावर अगदी व्यवस्थित. पण रेलिंग बाहेरच्या कडेला असल्यामुळे आतल्या बाजूने कठड्याचा चार बोटं रुंदीचा काठ मोकळा राहिलाय. चार वर्षांचं मूल सोफ्यावर चढतं तसंच यावर चढतं, कुणी उचलून ठेवावं लागत नाही.

ते काठावर उभं राहिलं की रेलिंगची उरलेली उंची किती? ११० वजा ४५, म्हणजे ६५. शंभर सेंटिमीटरच्या मुलाच्या बेंबीच्या थोडं वर. पहिला आडवा पाइप काठापासून १६ सेंटिमीटरवर आहे. त्यावर पाय ठेवला की उरले ४९, म्हणजे कंबरेच्या आसपास. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, त्यामुळे शरीराचा तोल मोठ्या माणसापेक्षा वरच्या भागात असतो. कड बेंबीच्या खाली गेली की खाली वाकून बघताना मूल पुढच्या बाजूला उलटू शकतं. त्यासाठी धक्का लागायची गरज नाही, नुसतं वाकणं पुरतं.

म्हणून रेलिंगची उंची जिथे पाय टेकू शकतो तिथून मोजायची. काठ असो, आडवा पाइप असो, नक्षीतली वेलबुट्टी असो, कुंडी असो की एसीचं बाहेरचं युनिट असो. ऑस्ट्रेलियाच्या नियमात हे फार नेमकं लिहिलंय: बाल्कनी खालच्या जमिनीपासून चार मीटरपेक्षा जास्त उंचीवर असेल, तर तिच्या फरशीपासून १५ ते ७६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात चढायला मदत करेल असं काहीही आडवं नको. हा पट्टा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुमच्या रेलिंगवर खडूने दोन रेघा मारा आणि मधे काय काय येतं ते बघा.

मग आडवे पाइप असतील तर सगळं तोडायचं का? नाही. आतल्या बाजूने, कठड्याच्या आतल्या पृष्ठभागाच्या रेषेत, उभे गज किंवा बारीक भोकांची जाळी बसवता येते. रेषेत म्हणजे काठ उरणारच नाही अशी. पाय ठेवायला जागा गेली की मोजणी परत फरशीपासून सुरू होते आणि ११० खरोखरच ११० होतात. जाळीची भोकं इतकी बारीक हवीत की मुलाच्या पायाचं बोट त्यात अडकून आधार मिळणार नाही. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचा सलग पत्रा लावणार असाल तर आधी फॅब्रिकेटरला खांबांचं बुड तपासायला सांगा. सलग पत्र्यावर वाऱ्याचा पूर्ण जोर येतो, आणि बुडाशी गंजलेला खांब तो पेलत नाही. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेलं नायलॉनचं जाळं हा मात्र मला पुरेसा उपाय वाटत नाही. उन्हाने त्या पट्ट्या ठिसूळ होतात आणि तुटल्याचं आपल्याला कळतही नाही.

आता फट. दोन गजांमधली मोकळी जागा १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. नियमांमध्ये हे चेंडूने सांगतात: १० सेंटिमीटर व्यासाचा चेंडू कुठूनही पार जाता कामा नये. कारण असं, की तान्ह्या मुलाचे पाय आणि धड मोठ्या फटीतून घसरत जातं आणि डोकं अडकतं. मूल मग मानेवर लटकतं. म्हणून ‘डोकं तर जात नाही ना’ ही तपासणी चुकीची आहे, फटीतून धड जाता कामा नये.

[लाकडी ठोकळा हातात घेऊन]

चारी बाजूंनी १० सेंटिमीटरचा ठोकळा कापून घ्या. गजांमध्ये धरा आणि दुसऱ्या हाताने एक गज जोर लावून बाजूला दाबा. बारीक गज वाकतात, फट वाढते आणि ठोकळा सरकन पार जातो. टेपने ते कळत नाही.

नवीन काम करून घेणार असाल तर एक हिशोब सांगतो. दोन खांबांमध्ये १२० सेंटिमीटर जागा आहे, गज १६ मिलिमीटर जाडीचे. नऊ गज लावले तर फटी होतात दहा, आणि प्रत्येक फट साडेदहा सेंटिमीटरची. नापास. दहा गज लावले तर फटी अकरा, प्रत्येकी साधारण साडेनऊ. पास. फक्त एका गजाचा फरक आहे. ऑर्डर देताना ‘मधली मोकळी जागा’ असं स्पष्ट सांगा, कारण कारागीर बऱ्याचदा गजाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप धरतात.

ठोकळा आणखी तीन ठिकाणी लावा: खालच्या पट्टीखाली, भिंत आणि शेवटच्या गजामध्ये, आणि रेलिंग स्लॅबच्या बाहेरच्या बाजूला ठोकलेलं असेल तर स्लॅबची कड आणि रेलिंग यांच्यामध्ये. ही तिसरी फट वरून दिसत नाही, खाली बसून बघावी लागते.

जिन्याचं माप वेगळं. तिथे पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर ९० सेंटिमीटर मोजायचे, रेलिंगच्या उताराला काटकोनात नाही. टेप तिरका धरला तर आकडा चुकतो. गजांमधली फट इथेही १० च. पायरी आणि रेलिंगची खालची पट्टी यांच्यामध्ये जो त्रिकोण राहतो, त्याला अमेरिकेच्या नियमात १५ सेंटिमीटरपर्यंत सूट आहे, पण रांगतं मूल असेल तर तोही बंद करून टाका. पायऱ्यांची मागची बाजू उघडी असेल तर तिथली फटही ठोकळ्याने तपासा.

जिन्याच्या वरच्या टोकाला मुलांसाठी फाटक लावाल तेव्हा ते स्क्रूने पक्कं केलेलं घ्या. नुसत्या दाबावर बसणारं फाटक मुलाने अंग टाकलं की निसटू शकतं, शिवाय त्याची खालची पट्टी जिन्याच्या तोंडाशीच पायात येते.

आणि बाल्कनीत जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली असेल तर परत मोजा. मसाला आणि टाइल मिळून पाचेक सेंटिमीटर सहज चढतात, आणि ११० चं रेलिंग १०५ वर येतं.