पॉवर हाऊस आणि मेंटेनन्स एकमेकांवर खर्च टाकत राहतात तेव्हा : रिपीटेड डिस्ट्रिब्युशन हाताने सोडवूया

नमस्कार मंडळी. आज एकच गणित घेणार आहे, पण शेवटच्या रुपयापर्यंत नेणार आहे, त्यामुळे वही आडवी धरा, पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर लिहीत चला. नुसतं बघून हे येत नाही, हात चालवावाच लागतो.

एक छोटा कारखाना घ्या. माल बनतो दोन ठिकाणी, मशीन शॉप आणि पेंट शॉप. ही झाली प्रॉडक्शन डिपार्टमेंट्स. आणि त्यांना मदत करणारी दोन सर्व्हिस डिपार्टमेंट्स, पॉवर हाऊस आणि मेंटेनन्स. आता या दोघांकडून थेट काहीच विकलं जात नाही, म्हणजे त्यांचा खर्च शेवटी मशीन शॉप आणि पेंट शॉपच्या अंगावरच गेला पाहिजे, नाहीतर तो मालाच्या किमतीत येणारच नाही.

अडचण कुठे येते ते बघा. मेंटेनन्सच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालतो, वेल्डिंग चालतं, त्याला वीज पॉवर हाऊस देतं. आणि पॉवर हाऊसचा जनरेटर बिघडला की तो दुरुस्त करायला मेंटेनन्सची माणसं जातात. मग पॉवर हाऊसचा पूर्ण खर्च किती हे कळायला मेंटेनन्सचा आधी कळला पाहिजे, आणि मेंटेनन्सचा कळायला पॉवर हाऊसचा. दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत. ही गाठ सोडवायची एक पद्धत म्हणजे आजची, रिपीटेड डिस्ट्रिब्युशन. यात गाठ एकदम सोडवत नाही आपण, वाटत राहतो, वाटत राहतो, आणि उरलेली रक्कम इतकी बारीक होते की तिचं काही वाटेनासं होतं.

[स्क्रीनवर तक्ता]

आकडे लिहून घ्या. प्रायमरी डिस्ट्रिब्युशन झालेलं आहे असं धरा, म्हणजे भाडं, सुपरवायझरचा पगार, डेप्रिसिएशन वगैरे सगळं चारही ठिकाणी वाटून झालंय. मशीन शॉप १,२०,००० रुपये, पेंट शॉप ८०,०००, पॉवर हाऊस ३४,०००, मेंटेनन्स २०,०००. बेरीज २,५४,०००. ही बेरीज वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून तिच्याभोवती गोल करा, शेवटी लागणार आहे.

आता कोण कोणाला किती देतं. पॉवर हाऊसची वीज मशीन शॉप ६० टक्के वापरतं, पेंट शॉप ३० टक्के, मेंटेनन्स १० टक्के. मेंटेनन्सचं काम मशीन शॉपला २५ टक्के, पेंट शॉपला ५० टक्के कारण तिथला कन्व्हेयर जुना आहे, आणि पॉवर हाऊसला २५ टक्के.

चार कॉलम पाडा आणि सुरू करू. मोठी रक्कम पॉवर हाऊसची, म्हणून तिथून.

पॉवर हाऊसचे ३४,०००. मशीन शॉपला २०,४००, पेंट शॉपला १०,२००, मेंटेनन्सला ३,४००. आणि पॉवर हाऊसच्या कॉलममध्ये ३४,००० कंसात लिहा, कंस म्हणजे वजा, पैसे इथून गेले. हा कंस बरेच जण टाळतात, घाईत वाटतं काय गरज आहे, पण तो नसेल तर तीन ओळींनंतर तुम्हालाच कळत नाही कुठला कॉलम रिकामा झालाय आणि कुठला नाही.

पुढची ओळ, मेंटेनन्स. इथे जरा थांबा. मेंटेनन्सचे आता किती वाटायचे? २०,००० नाही. २०,००० अधिक आत्ता आलेले ३,४००, म्हणजे २३,४००. माझ्याकडे जितक्या वह्या तपासायला येतात त्यात सगळ्यात जास्त चूक याच जागी असते, मूळचे २०,००० वाटून मोकळे होतात आणि ३,४०० कॉलममध्ये तसेच लटकत राहतात. सवय एकच लावा, वाटायच्या आधी त्या कॉलमची शिल्लक काढायची आणि शिल्लकच वाटायची.

तर २३,४००. मशीन शॉपला ५,८५०, पेंट शॉपला ११,७००, पॉवर हाऊसला ५,८५०. मेंटेनन्स शून्य झालं. पण पॉवर हाऊस, जे आपण रिकामं केलं होतं, त्यात परत ५,८५० आले. इथे नव्याने शिकणारा गोंधळतो की मी काहीतरी चुकलो. चुकलेलं नाही, पद्धतच अशी आहे, म्हणून तर नाव रिपीटेड.

टक्केवारी तीच, रक्कम नवी. पॉवर हाऊसचे ५,८५०: मशीन शॉप ३,५१०, पेंट शॉप १,७५५, मेंटेनन्स ५८५.

आता मेंटेनन्सचे ५८५: मशीन शॉपला १४६.२५, पेंट शॉपला २९२.५०, पॉवर हाऊसला १४६.२५. पैसे नकोत, रुपयात आणू. १४६, २९३ आणि १४६, बेरीज ५८५, जमलं.

बघा काय होतंय. ३४,००० वरून ५,८५०, त्यावरून १४६. पहिली उडी वेगळी, कारण तेव्हा मेंटेनन्सचे स्वतःचे २०,००० पण त्यात होते. त्यानंतर मात्र प्रत्येक फेरीत रक्कम एकाच प्रमाणात आटते. पॉवर हाऊस मेंटेनन्सला १० टक्के देतं आणि त्यातले २५ टक्के परत येतात, म्हणजे १० टक्क्यांचे २५ टक्के, म्हणजे अडीच टक्के. १०० रुपये बाहेर गेले तर अडीच रुपये घरी येतात. ५,८५० चे अडीच टक्के काढा, १४६.२५ येतात. म्हणजे किती फेऱ्या लागणार याचा अंदाज गणित सुरू करायच्या आधीच येतो. दोघांची टक्केवारी ४० आणि ५० असती तर फेरीला २० टक्के परत आले असते आणि बऱ्याच ओळी वाढल्या असत्या. तशा वेळी मी सरळ समीकरणं मांडते, उगाच पान भरत नाही.

चला पुढे, पॉवर हाऊसचे १४६. मशीन शॉप ८७.६० म्हणजे ८८, पेंट शॉप ४३.८० म्हणजे ४४, मेंटेनन्स १४.६० म्हणजे १५. बेरीज करा. ८८, ४४, १५ झाले १४७! एक रुपया जास्त. तिन्ही वर गोल केले म्हणून असं झालं. उपाय सोपा आहे, पहिले दोन गोल करा आणि शेवटचा आकडा वजाबाकीने काढा. १४६ मधून ८८ आणि ४४ गेले, राहिले १४. मेंटेनन्सला १४.

आता मेंटेनन्समध्ये १४ रुपये. थांबायचं का? हे नुसतं मनाने ठरवू नका, शेवटी या आकड्याचं काय होणार ते बघा. समजा मशीन शॉप महिन्याला ५,००० तास चालतं आणि ओव्हरहेडचा रेट तासाला लागतो. हे सगळेच्या सगळे १४ रुपये मशीन शॉपवर टाकले तरी तासामागे पाव पैशाच्या आसपास फरक, रेटमध्ये दिसणारच नाही. म्हणून थांबायचं.

पण थांबायचं म्हणजे १४ तिथेच सोडायचे नाहीत! सोडले तर शेवटची बेरीज २,५३,९८६ येईल आणि १४ रुपये हवेत राहतील. शेवटच्या ओळीत पॉवर हाऊसला काही द्यायचं नाही, फक्त दोन प्रॉडक्शन डिपार्टमेंट्सना द्यायचं, त्यांच्या प्रमाणात, २५ ला ५० म्हणजे एकास दोन. मशीन शॉपला ५, पेंट शॉपला ९. दोन्ही सर्व्हिस कॉलम आता खरोखर शून्य.

बेरीज. मशीन शॉपकडे आलेले: २०,४००, ५,८५०, ३,५१०, १४६, ८८, ५. झाले २९,९९९. मूळ १,२०,००० धरून १,४९,९९९. पेंट शॉपकडे: १०,२००, ११,७००, १,७५५, २९३, ४४, ९. झाले २४,००१. मूळ ८०,००० धरून १,०४,००१. दोन्ही मिळून २,५४,०००. वरच्या कोपऱ्यातला गोल केलेला आकडा, बरोबर तोच.

पण एक सांगते, बेरीज जुळली म्हणजे उत्तर बरोबर असं धरून चालू नका. समजा तुम्ही मेंटेनन्सची टक्केवारी उलटी लावली, मशीन शॉपला ५० आणि पेंट शॉपला २५, तरी बेरीज २,५४,००० च येणार, कारण शंभर टक्के वाटले गेले. ही चूक बेरजेला पकडता येत नाही, त्यासाठी टक्केवारी बोट ठेवून परत वाचायची. आणि हिशोब नीट फिरलाय का हे बघायला समीकरण. पॉवर हाऊसचा पूर्ण खर्च म्हणजे ३४,००० अधिक मेंटेनन्सच्या पूर्ण खर्चाचे २५ टक्के. मेंटेनन्सचा पूर्ण खर्च म्हणजे २०,००० अधिक पॉवर हाऊसचे १० टक्के. सोडवलं की पॉवर हाऊस ४०,००० आणि मेंटेनन्स २४,००० येतं. आता तुमच्या वहीतले कंस बेरीज करा. पॉवर हाऊसचे ३४,०००, ५,८५० आणि १४६, झाले ३९,९९६. मेंटेनन्सचे २३,४००, ५८५ आणि १४, झाले २३,९९९. किती जवळ आलोय बघा! मला हे कंस फार आवडतात ते याच्यासाठी, कंसांची बेरीज हेच समीकरणाचं उत्तर असतं, फक्त तुकड्या तुकड्याने आलेलं.

कोणी विचारेल, ४०,००० आणि २४,००० म्हणजे ६४,०००, पण खर्च तर ५४,००० च होता, मग १०,००० कुठून आले? ते नवीन पैसे नाहीत. तेच पैसे या डिपार्टमेंटमधून त्या डिपार्टमेंटमध्ये जाताना दुसऱ्यांदा मोजले गेले.

आणि एवढी खटपट का, एकदाच वाटून का सोडत नाही? तेही करून बघू. स्टेप मेथडने पॉवर हाऊस एकदा वाटा, मग मेंटेनन्सचे २३,४०० फक्त दोन शॉपना एकास दोन द्या. मशीन शॉपला २०,४०० आणि ७,८००, म्हणजे २८,२००. आपले आले होते ३०,००० च्या जवळ. १,८०० रुपये मशीन शॉपवरून उठून पेंट शॉपवर गेले, ५,००० तासांवर तासाला ३६ पैसे. जॉबचं कोटेशन देताना कधी कधी एवढ्यावरही घासाघीस होते.

अजून एक गोष्ट, टक्केवारीऐवजी मीटर रीडिंग दिलं असेल तर. मशीन शॉप ६०० युनिट, पेंट शॉप ३००, मेंटेनन्स १००, आणि पॉवर हाऊसने स्वतः वापरलेले ५०. भागायचं १,००० ने, १,०५० ने नाही. स्वतःचेच ५० स्वतःला वाटून उपयोग नाही, ते बाजूला ठेवले की परत तेच ६०, ३०, १० येतात.

आता तुम्ही हेच गणित मेंटेनन्सपासून सुरू करा. पहिल्या दोन ओळी देते. मेंटेनन्सचे २०,०००: मशीन शॉप ५,०००, पेंट शॉप १०,०००, पॉवर हाऊस ५,०००. मग पॉवर हाऊसचे ३९,०००: २३,४००, ११,७००, आणि मेंटेनन्सला ३,९००. इथून पुढे पॉवर हाऊसमध्ये २४ रुपये उरेपर्यंत जा, आणि ते २४ दोन शॉपमध्ये दोनास एक वाटून टाका. मशीन शॉपकडे आलेली रक्कम बरोबर ३०,००० आणि पेंट शॉपकडे २४,००० आली पाहिजे. नाही आली तर ९७ रुपयांची ओळ आधी बघा, तिथे गोल करताना हात चुकतो.