गॅप भरणार का?

नमस्कार श्रोतेहो.

3 जून 2024, सोमवारची सकाळ आठवून पाहा. लोकसभेचं मतदान शनिवारी संपलं होतं आणि त्याच संध्याकाळी एक्झिट पोलचे आकडे आले होते. रविवार चर्चेत गेला. शुक्रवारी निफ्टी 22,530 वर बंद झाला होता, तो सोमवारी सव्वानऊला थेट 23,337 वर उघडला. मधल्या आठशे अंकांमध्ये एकही सौदा झाला नाही. आलेखावर तिथे नुसती मोकळी जागा दिसते. बाजारातली माणसं तिला गॅप म्हणतात. भाव वर उघडला तर गॅप अप, खाली उघडला तर गॅप डाऊन. आणि नंतर भाव मागे फिरून कालच्या बंद भावाला येऊन टेकला, की म्हणायचं, गॅप भरला.

माझ्या ओळखीचे बरेच जण एक वाक्य मंत्रासारखं म्हणतात, "गॅप भरतोच." ते पुष्कळदा खरं ठरतं, पण किती दिवसांत, हे त्यात सांगितलेलं नसतं. आज आपण तेवढंच बोलणार आहोत. उघडलेला गॅप लवकर भरेल की नाही, हे व्यवहार करणारी माणसं कशावरून ठरवतात?

आधी हा भाव ठरतो कसा, ते पाहू. सकाळी नऊ वाजता प्री-ओपन सुरू होतं. नऊ ते साधारण नऊ वाजून आठ मिनिटं सगळ्यांच्या ऑर्डर नुसत्या गोळा होतात, सौदा एकही होत नाही. मग एक्स्चेंजचं यंत्र असा एकच भाव शोधतं, ज्यावर जास्तीत जास्त शेअर्सची देवाणघेवाण होऊ शकेल. समजा 100 रुपयांना 500 शेअर्सचे सौदे जुळतात, 102 ला 900 जुळतात आणि 104 ला 600. तर उघडण्याचा भाव 102. म्हणजे हा भाव रात्रभर साचलेल्या घाईचा भाव असतो. ज्यांना थांबवत नाही, ते प्री-ओपनमध्ये येतात. ज्यांना थांबता येतं, ती मोठी मंडळी बऱ्याचदा सव्वानऊनंतर हात बाहेर काढतात. गॅप भरण्याचं बीज इथे आहे. घाईवाल्यांची खरेदी संपल्यावर मागून नवा खरेदीदार आलाच नाही, तर भावाला वर धरणार कोण?

म्हणून पहिला प्रश्न कारणाचा. गॅप कशामुळे पडला? परदेशातले बाजार रात्री वर गेले, सकाळी गिफ्ट निफ्टी, म्हणजे आपला बाजार उघडण्याआधीच गिफ्ट सिटीत चालणारा निफ्टीचा फ्युचर, हिरवा दिसला आणि आपणही थोडे वर उघडलो, तर त्यात त्या कंपनीची स्वतःची अशी काही बातमी नसते. अशा गॅपचा आकारही बेताचा असतो. समजा एक शेअर काल 500 ते 512 च्या दरम्यान फिरला, 508 ला बंद झाला आणि आज 511 ला उघडला. तो अजून कालच्याच हद्दीत आहे. काल 512 पर्यंत नेऊनही ज्यांना पुढे खरेदीदार मिळाला नाही, ते आजही तिथेच विकायला बसलेले असतात. हा शेअर एरवी दिवसाला 12 रुपये हलतो आणि गॅप आहे 3 रुपयांचा. एवढं अंतर तर तो नुसत्या रोजच्या चालीत मागे येऊ शकतो. असे छोटे गॅप पुष्कळदा त्याच दिवशी भरतात.

पण तोच शेअर 530 ला उघडला तर? आता तो कालच्या उच्चांकाच्या वर गेला. काल ज्यांनी शॉर्ट केलं होतं, म्हणजे हातात नसलेला माल विकून ठेवला होता, ते सगळे एका रात्रीत तोट्यात गेले. त्यांना परत घ्यावंच लागणार, आणि त्यांच्या खरेदीने भाव आणखी वर जाऊ शकतो. नुसतं "खूप वर उघडलाय, म्हणजे खाली येईल" असं म्हणून इथे शॉर्ट करणारा त्याच गर्दीत सापडतो.

आता एक खरा शेअर घेऊ. एचडीएफसी बँक, जानेवारी 2024. 16 तारखेला बाजार बंद झाल्यावर तिमाही निकाल आले. नफ्याचा आकडा वाईट नव्हता, पण ठेवी कर्जांच्या मानाने कमी वाढत होत्या आणि मिळणाऱ्या आणि द्याव्या लागणाऱ्या व्याजातला फरक सुधारत नव्हता. त्याच रात्री बँकेचा एडीआर, म्हणजे तिच्या शेअरचं अमेरिकेच्या बाजारात चालणारं रूप, घसरला. आदल्या दिवशी 1,679 च्या आसपास बंद झालेला शेअर 17 तारखेला जवळपास 6 टक्के खाली उघडला. एवढी मोठी बँक एवढी खाली, म्हणून "गॅप भरायला" खरेदी करणारे तेव्हा खूप होते. पण हा गॅप कुणाच्या अंदाजामुळे पडला नव्हता. आकडे छापून आले होते आणि ते दुपारपर्यंत बदलणार नव्हते. शिवाय म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्थांना एवढा माल एका सकाळी विकताच येत नाही, त्यांची विक्री दिवस-दिवस चालते. त्या दिवशी शेअर उघडल्या भावाच्याही खाली, 1,540 च्या आत बंद झाला. फेब्रुवारीत तो 1,363 पर्यंत गेला. आणि 1,679 पुन्हा दिसला जूनच्या उत्तरार्धात, म्हणजे पाच महिन्यांनी. गॅप भरला का? भरला. पण जानेवारीचा फ्युचर, म्हणजे त्या महिन्यापुरता खरेदीचा करार, घेऊन बसलेल्याला त्याचा काय उपयोग? त्याचा करार जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारीच संपला होता.

जाता जाता एक गोष्ट. हे भाव आज आलेखावर शोधाल तर सापडणार नाहीत, सगळे निम्मे दिसतील. ऑगस्ट 2025 मध्ये बँकेने एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे आणखी एक शेअर फुकट, त्यामुळे जुने भाव दोनाने भागून दाखवतात. बोनस, स्प्लिट किंवा मोठा लाभांश यांच्या तारखेला भाव खाली उघडतो तो गॅपच नव्हे. पोळीचे दोन तुकडे केले म्हणून पोळी कमी होत नाही. अशा सकाळी "शेअर अर्ध्या भावात मिळतोय" म्हणून फोन करणारे मी ऐकलेत, म्हणून सांगतो.

आता परत त्या सोमवारकडे. आठशे अंकांचा गॅप, एरवीच्या दिवसभराच्या चालीच्या तिप्पट. शुक्रवारचा उच्चांक होता साधारण 22,650, तो तर कुठल्या कुठे खाली राहिला. आकाराकडे पाहिलं तर हा गॅप इतक्यात भरायला नको होता. पण कारणाकडे पाहा. एक्झिट पोल हा अंदाज होता आणि त्याची मुदत ठरलेली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी मतमोजणी. बातमी बाजारात येऊन बसली होती, पण ती खरी ठरायची होती.

आणि दुसरी खूण खुद्द सोमवारच्या भावात होती. निफ्टी 23,337.90 ला उघडला आणि दिवसभरातला त्याचा उच्चांक होता 23,338.70. एका अंकाचाही फरक नाही. म्हणजे प्री-ओपनमधल्या घाईवाल्यांनी जो भाव दिला, त्याच्यावर एक अंकही जास्त द्यायला उरलेला बाजार तयार नव्हता. मधे तो 23,062 पर्यंत उतरला, मग सावरून 23,263 वर बंद झाला. मथळे विक्रमाचे होते, पण सोमवारी उघडल्या भावाला निर्देशांकात पैसे लावलेला प्रत्येक जण संध्याकाळी तोट्यात होता. मंगळवारी मतमोजणीचे कल वेगळे दिसू लागले. बाजार 23,179 ला उघडला, आठशे अंकांचा तो सगळा गॅप भरून आणखी खाली, 21,281 पर्यंत कोसळला आणि 21,884 वर बंद झाला. गॅप एका दिवसात भरला, कारण ज्या अंदाजावर तो उभा होता तोच निघून गेला.

उघडलेला भावच दिवसाचा उच्चांक ठरतोय का, हे सव्वानऊला कुणालाच कळत नाही. म्हणून अनुभवी माणूस पहिली पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास, नुसता बघतो. त्या वेळातला उच्चांक आणि नीचांक लिहून ठेवतो. सोबत व्हीवॅपची रेघ लावतो, म्हणजे त्या दिवशी झालेल्या सगळ्या सौद्यांचा सरासरी भाव, जिथे जास्त माल तिथे जास्त वजन. गॅप अप झालेला भाव पहिल्या पंधरा मिनिटांच्या नीचांकाखाली गेला आणि वर येताना व्हीवॅपला टेकून परत फिरला, तर आज घेणाऱ्यांतले बहुतेक तोट्यात आहेत आणि वर येईल तसे सुटका करून घेताहेत, असा त्याचा अर्थ. तेव्हा गॅप भरण्याच्या बाजूने उतरावं, आणि तोट्याची मर्यादा त्या दिवसाच्या उच्चांकावर ठेवावी. भाव व्हीवॅपच्या वर टिकून असेल तर गॅपच्या विरुद्ध जायचंच नाही.

हे नेहमी जुळतं का? नाही. 13 मार्च 2020 बघा. करोनाच्या भीतीत निफ्टी आदल्या दिवशीच्या 9,590 वरून 9,107 वर उघडला, काही मिनिटांत 10 टक्के पडला आणि व्यवहार 45 मिनिटं बंद ठेवावे लागले. खाली 8,555 दिसला. कारण खरं होतं, आकार प्रचंड होता, पहिल्या मिनिटांतली चालही खालचीच. आणि तरी व्यवहार परत सुरू झाल्यावर, अमेरिकेचे फ्युचर्स उलटे फिरले तसा निफ्टी चढत गेला आणि 9,955 वर बंद झाला. गॅप त्याच दिवशी भरून वर साडेतीनशे अंक. मात्र त्या दिवशीही निफ्टी फ्युचरच्या व्हीवॅपकडे पाहणाऱ्याला उशिरा का होईना, भाव सरासरीच्या वर चढल्याचं कळलं असतं. सकाळच्या कारणालाच धरून बसलेल्याला नाही.

शेवटी स्टॉप लॉसबद्दल, म्हणजे भाव अमुक आकड्याखाली गेला की विका, अशी आधीच घालून ठेवलेली ऑर्डर. गॅपचा सर्वांत मोठा मार तिथे बसतो. समजा तुमच्याकडे 1,679 ला घेतलेला शेअर आहे. 1,640 ला ट्रिगर, म्हणजे भाव तिथे आला की ऑर्डर जागी व्हावी, आणि 1,635 ची मर्यादा घालून तुम्ही निश्चिंत झोपलात. सकाळी भाव 1,580 ला उघडला. स्टॉप लॉसची ऑर्डर प्री-ओपनमध्ये धरलीच जात नाही. सव्वानऊला ट्रिगर लागतो, पण 1,635 पेक्षा कमी भावाला विकू नका असं तुम्हीच सांगून ठेवलंय. त्यामुळे ऑर्डर तशीच लटकते, शेअर तुमच्याकडेच राहतो आणि भाव खाली जात राहतो. मर्यादेऐवजी मिळेल त्या भावाला विकणारी मार्केट ऑर्डर असती तर सुटका झाली असती, पण 1,580 च्या आसपास. निकालाच्या आदल्या रात्री पोझिशन किती ठेवायची, हा हिशेब 1,640 वर नाही, तर या दुसऱ्या आकड्यावर करायचा असतो.

नमस्कार.