वेलचीची जाहिरात आणि टपरीचं काउंटर

नमस्कार श्रोतेहो. क्रिकेटचा सामना बघताना वेलचीची जाहिरात तुम्ही पाहिलीच असेल. मोठा नट, आलिशान गाडी, भारदस्त आवाज, आणि शेवटी हातात काय, तर वेलचीची चिमुकली पुडी. एवढा थाट एवढ्याशा वेलचीसाठी कशाला, असा प्रश्न पडला असेल, तर तो अगदी रास्त आहे.

तंबाखूच्या जाहिरातीला आपल्याकडे 2003 च्या कायद्याने बंदी आहे. हा कायदा ‘कोटपा’ या नावाने ओळखला जातो. मग कंपनी काय करते? तेच नाव, तीच अक्षरांची ठेवण आणि तोच रंग एखाद्या बिनधोक वस्तूला देते. वेलची, माउथ फ्रेशनर, दारूच्या बाबतीत सोडा किंवा संगीताच्या सीडी. जाहिरात वेलचीची होते, पण लक्षात राहतं ते नाव. याला सरोगेट, म्हणजे आडून केलेली जाहिरात म्हणतात.

अशी जाहिरात ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. टपरीवर जा आणि जाहिरातीतली ती वेलचीच मागा. मिळाली नाही, किंवा दुकानदार त्याच नावाची दुसरीच पुडी पुढे करू लागला, तर संशयाला जागा आहे. जाहिरात क्षेत्राची स्वनियंत्रण संस्था ‘आस्की’ हाच निकष आकड्यांत लावते. एका ब्रँडचं नाव दुसऱ्या वस्तूला देणं म्हणजे नामविस्तार. तो खरा मानायचा, तर त्या दुसऱ्या वस्तूची विक्री देशभरात वर्षाला 5 कोटी रुपयांच्या वर असावी, किंवा जिथे ती विकली जाते त्या राज्यात 1 कोटीच्या वर. केबल टीव्हीचे नियमही स्पष्ट आहेत: बंदी असलेल्या वस्तूचे रंग, मांडणी किंवा तिची आठवण करून देणारी वाक्यं जाहिरातीत चालत नाहीत. आणि 2022 च्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर आडून केलेल्या जाहिरातीला नाव घेऊनच मनाई केली आहे.

पण माझ्या मते खरी गंमत टीव्हीवर नाहीच. टीव्ही नाव डोक्यात ठेवतो, पैसे निघतात ते टपरीच्या काउंटरवर. कारण कायद्याने तिथे एक फट ठेवली आहे. तंबाखू विकणाऱ्या दुकानाच्या दाराशी आणि आत फलक लावता येतो. त्याला अटी आहेत. फलक 60 बाय 45 सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, आणि असे दोनच. त्यावर कुठल्या प्रकारचा माल मिळतो, तेवढंच लिहायचं: सिगारेट, बिडी वगैरे. ब्रँडचं नाव नको, पाकिटाचं चित्र नको, मागून दिवा नको. वरच्या बाजूला 20 बाय 15 सेंटिमीटर जागेत पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत, भारतीय भाषेत, तंबाखूने कर्करोग होतो किंवा तंबाखू जीव घेते, असा इशारा हवा. हिशोब केलात तर इशाऱ्याच्या वाट्याला फलकाचा जेमतेम नववा हिस्सा येतो.

आता टपरीसमोर उभे राहून बघा. मागची भिंत म्हणजे पाकिटांचा रॅक, एकाच रंगात रंगवलेला, कडेला एलईडीची पट्टी. रॅक कंपनीने दिलेला असतो. कोणती पाकिटं नजरेच्या उंचीवर ठेवायची, हे कंपनीचा माणूस ठरवतो, आणि मांडणीबद्दल दुकानदाराला पैसे किंवा माल मिळतो. खाली बरणीत गोळ्या-चॉकलेट, वर लटकलेल्या पुड्यांच्या माळा. शाळकरी पोर गोळी घ्यायला आलं, की त्याची नजर आपोआप तिथे जाते. नियम मात्र सांगतो की तंबाखूचा माल अठरा वर्षांखालच्या मुलाच्या सहज हाताला लागेल असा ठेवू नये.

इथे कंपन्यांचा बचाव ठरलेला असतो: हा फलक नाही, हा तर माल ठेवायचा कप्पा आहे. पाकिटावर 85 टक्के इशारा असतो हे खरं, पण पाकिटं आडवी, कडेवर रचली की चित्र दिसेनासं होतं आणि रंगांच्या ओळी तेवढ्या उरतात. फलकांचे हे कडक नियम 2005 पासूनचे. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये उठवली, तोवर इतकी वर्षं कंपन्यांना मोकळं रान होतं.

कारवाई झाली तर सहसा हाती लागतो तो टपरीवाला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रॅक देणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हजार म्हणजे चिल्लर. म्हणून टपरीवाल्या मित्रांनो, रॅक लावून घेण्याआधी दिवे काढायला सांगा, ब्रँडची पट्टी काढायला सांगा. आणि पैशाचा व्यवहार असेल तर कागदावर घ्या, म्हणजे जबाबदारी कुणाची हे दाखवता येईल.

आणि श्रोतेहो, टीव्हीवरची संशयास्पद जाहिरात दिसली, तर वाहिनीचं नाव, तारीख आणि वेळ टिपून घ्या, जमलं तर पडद्याचा फोटो काढा. ‘आस्की’कडे तक्रार करताना त्याचा उपयोग होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915. तक्रारीत ‘जाहिरात वाईट आहे’ असं मोघम लिहू नका. वेलचीची पुडी अमुक दुकानात मागितली, मिळाली नाही, आणि हाच रंग व हीच अक्षरं तंबाखूच्या अमुक पुडीवर आहेत, असं लिहा. दोन्ही पुड्यांचे फोटो शेजारी शेजारी जोडा.